दोन खिळे, बारा व्होल्ट आणि ४.१८ लिटरचा मेसेज

"बादलीत मिठाचं पाणी घ्या, दोन खिळे टाका, १२ व्होल्टची बॅटरी जोडा. १० अँपिअर करंट एक तास सोडला की दोन्ही खिळ्यांवर बरोबर ४.१८ लिटर गॅस निघते, एकीकडे हायड्रोजन, एकीकडे सव्वातेरा ग्रॅम क्लोरीन. गॅस कमी भरला तर तेवढी एफिशियन्सी कमी समजा. २४ व्होल्ट लावले तर डबल. गावच्या टाकीसाठी टीसीएल पावडरची आता गरज नाही."

आमच्याकडे हा मेसेज शेतीच्या ग्रुपवरून ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर आला आणि तिथून बारावीच्या पोट्ट्यांकडे गेला, आता ते प्रोजेक्ट करून राहिले. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी जे बरोबर आहे ते. १० अँपिअर म्हणजे सेकंदाला १० कूलंब, तासाचे झाले ३६,०००. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कूलंब, म्हणून आपल्याकडे ०.३७३ मोल इलेक्ट्रॉन आले. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागते, क्लोरीनच्या रेणूलाही दोनच, म्हणून कागदावर दोन्हीकडे ०.१८७ मोल. वजनात ते ०.३७६ ग्रॅम हायड्रोजन आणि १३.२३ ग्रॅम क्लोरीन होते. फॅरेडेचा नियम एवढंच सांगते, की इतके इलेक्ट्रॉन गेले तर जास्तीत जास्त इतकं निघू शकते. ते इलेक्ट्रॉन नेमके कोणत्या कामाला लागले हे तो सांगत नाही बावा, आणि सगळी गडबड तिथंच आहे.

आता ४.१८ लिटर. हा आकडा २२.४ लिटरनं गुणून आला, आणि २२.४ लागू होते शून्य डिग्रीला, एक अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला, कोरड्या गॅसला. आपल्याकडे मे महिन्यात शून्य डिग्री कुठून आणता? पाणी ४० डिग्रीला आहे असं धरा. समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटर वर असलेल्या आपल्या भागात हवेचा दाब ९७ किलोपास्कलच्या आसपास राह्यते. वरून गॅस पाण्यावर जमा करता तर त्यात वाफ मिसळते, आणि ४० डिग्रीला ती वाफ एकटीच ७.४ किलोपास्कल दाब खाते (मीठ जास्त असलं तर थोडा कमी). म्हणजे गॅसच्या वाट्याला उरले ८९.६. या हिशेबानं एका मोलला २९ लिटर जागा लागते, २२.४ नाही. मग ०.१८७ मोल हायड्रोजन नळीत ५.४२ लिटर भरेल.

आता हे चुकलं तर काय होते ते पहा. एका पोट्ट्यानं अर्धा अँपिअर करंट २० मिनिटं सोडला आणि निगेटिव्हवर उलटा धरलेल्या १०० मिलीच्या मोजपात्रात ८८ मिली हायड्रोजन जमा केला. मेसेजच्या पद्धतीनं त्याला ७० मिली मिळायला पाहिजे होते, म्हणून त्यानं वहीत एफिशियन्सी लिहिली १२६ टक्के आणि वरून खुश झाला की आपलं यंत्र भारी आहे! शंभराच्या वर एफिशियन्सी आली की समजायचं तापमान नाही तर वाफ हिशेबातून सुटली, नाही तर अँमीटर खोटं बोलून राहिलं. ४० डिग्रीच्या ओल्या गॅसला ९० मिली पाहिजे, त्यानं ८८ मिळवले, म्हणजे ९७ टक्के. चांगलंच होतं की.

खिळ्यांचं मात्र मला खरंच समजत नाही, हे कोणी करून पाहिलं की नुसतंच पुढं ढकललं. पॉझिटिव्हला लोखंड असलं तर क्लोरीन निघायच्या आधी लोखंडच विरघळते, काऊन की ते त्याला सोपं पडते. लोखंडाचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरते, मग सगळा करंट तिकडंच गेला तर तासाभरात १०.४ ग्रॅम खिळा गायब आणि क्लोरीन जवळपास शून्य. ओळखायला काही लॅब लागत नाही: पाणी आधी हिरवट होते, मग त्यात शेवाळासारखा गाळ येते, आणि हवा लागली की तो गाळ तांबूस पडते. खिळा आधी आणि नंतर वजन करून पहा, उत्तर तिथंच आहे. निगेटिव्हला लोखंड चालते, तिथं हायड्रोजन व्यवस्थित निघते. स्टेनलेस स्टीलचा चमचा पॉझिटिव्हला लावायची आयडिया तर सोडूनच द्या, त्यातला क्रोमियम पाण्यात उतरते आणि त्याचं एक रूप चांगलंच विषारी राह्यते. प्रोजेक्टला जुन्या सेलमधली कार्बनची कांडी चालते, जराशी झिजते. कारखान्यात रुथेनियम ऑक्साइडचा थर दिलेलं टायटॅनियम वापरतात.

आता मुख्य मुद्दा, गॅस कमी भरला म्हणजे एफिशियन्सी कमी, हा. चांगली कांडी लावली असं धरून चला. पॉझिटिव्हवर दोन कामं एकाच वेळी चालू राह्यतात, मिठातल्या क्लोराइडपासून क्लोरीन बनणं आणि पाण्यापासून ऑक्सिजन बनणं. मीठ घट्ट असलं तर क्लोरीनचा वाटा मोठा, कारखान्यात लिटरला ३०० ग्रॅमच्या आसपास मीठ ठेवतात ते याच्यासाठीच. मीठ पातळ केलं की ऑक्सिजनचा वाटा वाढते. आपल्या बादलीत ९० टक्के करंट क्लोरीनला आणि १० टक्के ऑक्सिजनला गेला असं समजा. तर क्लोरीन ११.९ ग्रॅम बनला. राहिलेला १० टक्के करंट हवेत गेला नाही, त्याचा ऑक्सिजन झाला, पण ऑक्सिजनच्या रेणूला चार इलेक्ट्रॉन लागते म्हणून तेवढ्याच करंटमध्ये मोल निम्मेच, ०.००९३ मोल, म्हणजे ०.३ ग्रॅम. मधे पडदा लावून दोन्ही बाजू वेगळ्या केल्या आणि क्लोरीन पाण्यात मुरू दिला नाही तर पॉझिटिव्हचा एकूण गॅस हायड्रोजनच्या ९५ टक्के भरेल. म्हणजे पडदा असूनही दोन्ही नळ्या बरोबरीच्या नाहीत.

पण मेसेजमध्ये पडदा कुठं आहे, एकच बादली आहे. निगेटिव्हवर हायड्रोजनसोबत कॉस्टिक बनते, ते पाण्यात पसरते आणि पॉझिटिव्हवरचा क्लोरीन गिळून त्याचं हायपोक्लोराइट करते. कॉस्टिकही नेमकं तेवढंच बनते जेवढं सगळ्या क्लोरीनला लागते, म्हणून पाणी नीट ढवळत राहिलं तर क्लोरीनचा गॅस नळीत येतच नाही म्हटलं तरी चालेल. मग पॉझिटिव्हच्या नळीत काय भरेल? तो ०.००९३ मोल ऑक्सिजन, म्हणजे २७० मिली. दुसरीकडे पाच लिटरच्या वर हायड्रोजन. मेसेजवाला हे पाहून म्हणेल एफिशियन्सी ५ टक्के, आणि खरं पाहिलं तर क्लोरीन बनायची एफिशियन्सी ९० टक्के आहे भाऊ! क्लोरीन हरवला नाही, पाण्यात बसला आहे. आणि त्या नळीत जे दिसते ते तर उलट वाया गेलेल्या करंटचं माप आहे, तिथं गॅस जास्त भरला तर वाईट समजायचं.

निगेटिव्हलाही एक गळती आहे, ती फार कमी लोक धरतात. तयार झालेलं हायपोक्लोराइट फिरत फिरत निगेटिव्हपर्यंत पोचलं की तिथले इलेक्ट्रॉन घेऊन परत क्लोराइड होते, म्हणजे तेवढा हायड्रोजनही गेला आणि तेवढं आधी बनवलेलं हायपोक्लोराइटही गेलं. ५ टक्के करंट असा गेला असं धरा, तर हायड्रोजन ५.४२ च्या जागी ५.१५ लिटर, वजनात ०.३५७ ग्रॅम. आणि पाण्यात शेवटी उरलेला क्लोरीन ९० नाही, ९० वजा ५, म्हणजे ८५ टक्क्यांचा, ११.२ ग्रॅम. म्हणून एफिशियन्सी विचारली की आधी विचारा कोणत्या टोकाची आणि कोणत्या मालाची. तिन्ही आकडे एकाच बादलीचे आहेत आणि तिन्ही वेगळे आहेत.

पाण्यातला क्लोरीन मोजायला नळी नाही, टायट्रेशन लागते, बारावीच्या लॅबमध्ये सामान राह्यतेच. बादलीत २ लिटर पाणी होतं असं समजू. त्यातले १० मिली घ्या, पाणी टाकून पातळ करा, आधी पोटॅशियम आयोडाइड टाका आणि मग अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. क्रम उलटा केला तर क्लोरीन उडून जाते आणि नाकालाही झोंबते. रंग तपकिरी होईल, तो दशांश नॉर्मल थायोनं फिका पिवळा होईपर्यंत उतरवा, मग स्टार्च टाकून निळा रंग जाईपर्यंत. एक मिली थायो म्हणजे ३.५४५ मिलिग्रॅम क्लोरीन. आपल्या हिशेबानं बुरेटवर १५.९ मिलीच्या जवळ यायला पाहिजे. १० मिलीच आले तर बेरीज करून पहा, की ऑक्सिजन जास्त निघाला, की हायड्रोजन कमी भरला, की करंट तासभर १० वर टिकलाच नाही. हे शेवटचं फार होते, बॅटरी उतरत जाते आणि आपण सुरुवातीचा आकडा धरून बसतो. दर पाच मिनिटांनी अँमीटर लिहून ठेवा आणि सरासरी घ्या.

टीसीएलचं म्हणाल तर ११.२ ग्रॅम क्लोरीन म्हणजे चांगल्या, ३३ टक्क्यांच्या पावडरचे ३४ ग्रॅम. लिटरला २ मिलिग्रॅम डोस धरला तर साडेपाच हजार लिटर पाण्याचं काम झालं. वाईट नाही, मिठापासून हायपोक्लोराइट बनवायची तयार यंत्रं असतातच. पण खिळ्याच्या बादलीतलं पाणी टाकीत ओतू नका, त्यात क्लोरीन नाही, लोखंडाचा गाळ आहे. आणि जलसुरक्षक भाऊंनी क्लोरीन टेस्ट केल्याशिवाय पावडर बंद करायची नाही, डोस पाण्यातल्या घाणीवर ठरते, मेसेजवर नाही.

राहिले २४ व्होल्ट. गॅस करंटवर ठरते. व्होल्टेज वाढवलं तर त्याच बादलीत करंट वाढते, म्हणून लोकांना वाटते की व्होल्टनं गॅस वाढला. करंट १० वरच बांधून ठेवला तर ४ व्होल्ट असो की २४, हायड्रोजन तेवढाच. मिठाचं पाणी फोडायला मुळात सव्वादोन व्होल्टच्या आसपास पुरतात, बाकी सगळं पाणी तापवण्यात जाते. १२ व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे १२० वॅट, त्यातले ९०च्या वर वॅट उष्णता. दोन लिटर पाण्यात तासभर एवढी उष्णता गेली तर उन्हाळ्यात बादलीला हात लावता येत नाही, आणि गरम पाण्यात हायपोक्लोराइटचं क्लोरेट होत जाते, म्हणजे कमावलेला क्लोरीनही घटते आणि पिण्याच्या पाण्यात नको ते मिसळते. गॅस वाढवायचा तर कांड्या एकमेकींच्या जवळ आणा, मोठ्या घ्या, मीठ घट्ट करा, तेवढ्याच व्होल्टवर करंट वाढेल. आणि हे सगळं अंगणात करा, खोलीत नाही. हायड्रोजन आणि क्लोरीन एका नळीत मिसळले तर नुसत्या उन्हानंही भडका होते.