आंब्याच्या पेटीतला न वाचता येणारा कागद

रत्नागिरीत गेली अनेक वर्षे मी छपाईपूर्व मांडणीचे काम करते. गेल्या हंगामात एका बागायतदार स्नेह्यांनी हापूसच्या पेटीत घालायचे माहितीपत्रक माझ्याकडे दुरुस्तीसाठी आणले. ते आधी दुसरीकडून छापून घेतले होते आणि पेट्या घरोघरी पोहोचल्यावर एकच तक्रार वारंवार येत होती : आंबे पेंढ्यात किती दिवस ठेवायचे, फ्रीजमध्ये केव्हा ठेवायचे, हे पत्रकात कुठेच लिहिलेले नाही. प्रत्यक्षात ते सारे लिहिलेले होते, पण आंब्याच्या पिवळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत.

त्यांची मागणी अक्षरे मोठी करण्याची होती. मी नऊ पॉइंटांची अक्षरे बारा पॉइंटांची करून एक प्रत काढली आणि माझ्या बहात्तर वर्षांच्या आत्याच्या हाती दिली. चष्मा लावून, पडवीतल्या उजेडात धरूनही तिला ‘पेंढ्यात’ आणि ‘पेटीत’ यांत फरक करता येईना. तिच्या चष्म्याचा नंबर योग्य होता. पण नेत्रतपासणीचा नेहमीचा तक्ता पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा असतो, त्यामुळे बारीक अक्षर दिसते का एवढेच तो सांगतो. फिकट अक्षर दिसते का हे पाहायला वेगळा तक्ता लागतो, ज्यात अक्षरांचा आकार तोच राहून ती ओळीगणिक पुसट होत जातात. वय वाढते तशी, आणि मोतीबिंदूत तर विशेष, ही दुसरी क्षमता कमी होते.

आता त्या पट्टीचा हिशेब पाहा. पडद्यावरील मजकुरासाठी २००८ सालच्या वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत जे सूत्र आहे, त्यात प्रत्येक रंगाचे तेज शून्य ते एक या मापात काढतात, दोन्हींत ०.०५ मिळवतात आणि मोठ्या संख्येला लहान संख्येने भागतात. पांढऱ्याचे तेज १. त्या पिवळ्याचे, म्हणजे पडद्यावर `#FFC107` या संकेतांकाने दाखवल्या जाणाऱ्या रंगाचे, सुमारे ०.५९. भागाकार येतो १.६. साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान अपेक्षा ४.५ ची आहे. पिवळा आणि पांढरा हे रंग म्हणून अगदी वेगळे भासतात, म्हणून मांडणी करणाऱ्याला शंका येत नाही. पण अक्षराची कड डोळा मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून पकडतो, आणि चारही छपाई-शाईंत पिवळी सर्वांत उजळ असल्यामुळे ती कितीही गडद छापली तरी काळोख देत नाही. आकार वाढवूनही उपयोग झाला नाही तो यामुळेच.

देवनागरीत हे नुकसान आणखी बोचते, कारण अर्थ ठरवणारे अनुस्वार, रफार आणि मात्रा हेच सर्वांत बारीक भाग असतात. रंगीत पट्टीत पांढरे अक्षर सोडताना, ज्याला आम्ही रिव्हर्स म्हणतो, भोवतालची शाई थोडी पसरते किंवा रंगांचे रजिस्ट्रेशन, म्हणजे एकावर एक छापल्या जाणाऱ्या शायांची जुळणी, केसभर सरकते, आणि अनुस्वाराचा ठिपका आधी बुजतो.

पत्रकाच्या मागच्या बाजूला पांढऱ्यावर फिकट राखाडीत आंबा खराब निघाल्यास कळवण्याची मुदत होती. पडद्यावर तो रंग `#999999` होता, म्हणजे त्याच सूत्राने गुणोत्तर २.८५. छपाईत तो आणखी बिघडतो : राखाडी शाई वेगळी नसते, काळ्याच शाईचे बारीक ठिपके विरळ टाकून टिंट तयार होते, आणि सात-आठ पॉइंटांच्या अक्षराची कड त्या ठिपक्यांत दातेरी होते. ग्राहकाचा हक्क सांगणारी ओळ सर्वांत पुसट छापलेली पाहून मला मनापासून राग आला.

आम्ही पिवळी पट्टी तशीच ठेवली, कारण तो रंग त्यांच्या पेटीची ओळख आहे, आणि मजकूर काळा केला. गुणोत्तर जवळजवळ १३ झाले. गडद तपकिरी `#3E2723` घेतला असता तरी ८.५ मिळाले असते, पण तपकिरी छापायला अनेक शाया जुळाव्या लागतात, बारीक मजकुराला एकच काळी शाई बरी. मथळ्याची पट्टी पानाच्या गडद हिरव्यात, `#1B5E20` मध्ये, केली आणि तिथे पांढरी ठसठशीत अक्षरे ठेवली, कारण तिथे ७.९ मिळते. रिव्हर्स नेहमीच वाईट असते असे मी म्हणणार नाही. मागची मुदत पूर्ण काळ्यात आली.

हे आकडे पडद्याचे आहेत. कागद शाई शोषतो, पिवळसर असतो, म्हणून छपाईत ४.५ वर मी कधीच थांबत नाही, सातच्या पुढे राहते. आणि खात्रीसाठी प्रूफची साधी काळी-पांढरी झेरॉक्स काढते : जुन्या पत्रकाच्या झेरॉक्सवर ती पिवळी पट्टी जवळजवळ कोरी आली होती. बागायतदारांनी ती कोरी पट्टी पाहिली आणि नवे पत्रक छापायला तिथल्या तिथे संमती दिली.