डोक्यावर शाम्पू आणि ग्रुपवर नोटीस

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता, डोक्यावर शाम्पूचा भरघोस फेस असताना, आमच्या नळाने दोन उचक्या दिल्या आणि तो गप्प झाला. गच्चीवरची टाकी धुवायला काढली होती. काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी आणण्यासाठी कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली आणि अखेर 2023 च्या दिवाळीत ते शहरात पोहोचले. आमच्या टाकीतून चौथ्या मजल्यावर यायला मात्र त्याला त्या दिवशी मज्जाव होता, आणि ही गोष्ट मला सोडून साऱ्या इमारतीला ठाऊक होती.

कमरेला पंचा गुंडाळून आणि हातात रिकामी बादली घेऊन मी जिन्यात आलो, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका वर येत होते. काका निवृत्त आहेत आणि आमच्या ग्रुपवरचा निम्मा मजकूर एकट्याने पुरवतात. त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितले, बादलीकडे बघितले आणि अत्यंत मायेने विचारले, “ग्रुप बघत न्हाई व्हय तुम्ही? शुक्रवारीच टाकलंय की सेक्रेटरींनी.”

“दिसलं नाही काका. एक बादली पाणी मिळेल का?”

“देतो की. पण आधी दावतो तुम्हाला, थांबा.”

ग्रुपमध्ये शब्द टाकून शोधता येते, हे काकांना माहीत नसावे किंवा पसंत नसावे. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि रविवार सकाळपासून मागे शुक्रवारच्या रात्रीपर्यंतचा प्रवास अंगठ्याने सुरू केला. वाटेत लागलेला प्रत्येक संदेश त्यांनी मोठ्याने वाचला. प्रथम त्यांचाच गुलाबाच्या फुलावरचा सुविचार आला. मग रंकाळ्यावरचा सूर्यास्त आला आणि तो मी नीट पाहावा म्हणून मोबाईल माझ्या फेसाळ नाकासमोर धरण्यात आला. मग दुसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवांचा वाढदिवस लागला. शुभेच्छा एकूण एकतीस होत्या, आणि त्यातल्या सव्वीस एकमेकींच्या तंतोतंत नकला असूनही काकांनी एकही गाळली नाही. त्यानंतर पांढऱ्या रश्श्यात खसखस किती घालावी यावरचा वाद आला. तिथे काका थांबले, “ह्ये कुणी लिहिलंय?” असे म्हणाले आणि उभ्याउभ्या उत्तर टंकू लागले. शाम्पू एव्हाना वाळून माझ्या भुवया ताठ झाल्या होत्या.

“काका, पाणी.”

“आलं, आलं. ही बघा नोटीस! आणि खाली मी ‘धन्यवाद’पण म्हटलंय.”

नोटीस होती खरी. बादली मिळाली, पण अपमान धुतला गेला नाही, म्हणून संध्याकाळी मी तडक सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी शांतपणे आपला संदेश दाबून धरला, त्याची माहिती उघडली आणि Read by या यादीत माझे नाव दाखवले: शुक्रवार, रात्री दहा वाजून बारा मिनिटे. मी गप्प झालो, तरी माझे म्हणणे आजही तेच आहे. लाल आकडा डोळ्यांना खुपतो म्हणून आपण ग्रुप उघडतो, अंगठ्याच्या एका फटक्यात तळाला जातो आणि बंद करतो. त्या फटक्याखाली सरकून गेलेल्या नोटिशीलाही व्हॉट्सॲप वाचल्याची खूण लावते. निळी खूण ही समोर आल्याची पावती आहे, समजल्याची नव्हे. पण सेक्रेटरींच्या लेखी मी गुन्हेगार ठरलो होतो.

मग मी ती नोटीस बारकाईने तपासली आणि माझा राग जरा योग्य जागी गेला. ती लेटरहेडवर टंकून, शिक्का मारून, फोटो काढून टाकलेली होती. फोटोच्या खाली दोन शब्द लिहिले नाहीत, तर मोबाईलच्या पडद्यावर वर येते ते केवळ ‘फोटो’. तो टाकीचा की रंकाळ्याचा, हे उघडल्याशिवाय कळत नाही. शिवाय फोटोतली अक्षरे संदेशांत शोधून सापडत नाहीत, म्हणजे मी ‘टाकी’ असा शब्द टाकून शोधले असते तरी मला काकांचाच सुविचार मिळाला असता. आणि मजकूर साधा टंकला असता तरी काय फरक पडणार होता? सुरुवात होती, “सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार, आपणांस कळविण्यात येते की”. बंद पडद्यावर दिसणाऱ्या दीड ओळीत नमस्कार मावतो; पाणी, वार आणि वेळ ही सारी मंडळी त्याच्यामागे रांगेत उभी राहतात.

नोटीस पिन का केली नाही, असेही मी विचारले. केली होती, म्हणे. एका ग्रुपमध्ये एका वेळी तीनच संदेश पिन करता येतात, आणि आमच्याकडे ती मुभा सगळ्यांनाच असल्यामुळे शनिवारी दुपारी कोणीतरी वाढदिवसाच्या केकचा फोटो पिन करून टाकीला खाली ढकलले होते. कोणी ढकलले, हे सेक्रेटरींनी सांगितले नाही. मी तिसऱ्या मजल्याकडे पाहिले.

पुढच्या बैठकीत तोडगा निघाला. ग्रुपच्या परवानग्यांमध्ये Send new messages हे बंद करून फक्त ॲडमिननी लिहावे असे ठरले. तो चार दिवस टिकला, कारण मानापमान नको म्हणून समितीच्या अकराही जणांना ॲडमिन करण्यात आले होते, आणि अकरा ॲडमिन मिळून सुप्रभात म्हणू लागले की इतरांना केवळ ऐकून घेण्याचीच सोय उरते. शेवटी गप्पांचा ग्रुप होता तसा ठेवून सूचनांचा ग्रुप वेगळा काढला. तिथे सेक्रेटरी आणि खजिनदार हे दोघेच लिहितात, पिन करण्याचा अधिकारही त्या दोघांनाच आहे, फोटो चालत नाही आणि नमस्कार शेवटी करायचा. पहिली ओळ अशी असते: “रविवार, सकाळी 9 ते दुपारी 2, पाणी बंद, दोन्ही विंग.” सेक्रेटरींना ही भाषा उद्धट वाटते. मला ती आजवरची सर्वांत सभ्य मराठी वाटते.

काका मात्र खंतावले. उत्तर लिहिता येत नाही म्हणून ते प्रत्येक सूचनेला जोडलेल्या हातांची खूण लावतात. लिफ्ट बंद पडल्याच्या सूचनेलाही लावली.

परवा वरची ती ओळ माझ्या पडद्यावर झळकली. मी पहाटे पाचला उठलो, आंघोळ उरकली, दोन पिंप, चार बादल्या, कुकर आणि सासूबाईंची पितळी घागरही भरून ठेवली. साडेनऊ वाजता सहज नळ सोडला, तर पाणी धो धो. टाकी धुणारी माणसे आलीच नव्हती. ती पुढच्या रविवारी येणार होती. सूचनांच्या ग्रुपवर त्याविषयी अक्षर नव्हते, आणि गप्पांचा ग्रुप मी कायमचा मूक करून ठेवला होता. जिन्यात काका भेटले. त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती.

“अहो, काल रात्रीच सेक्रेटरी मला म्हणाले, पुढं ढकललंय म्हणून. मी लगेच गप्पांच्या ग्रुपवर टाकलं की! थांबा, दावतो.”

आणि त्यांनी चष्मा नाकावर घेतला.