‘आठ गुण म्हणजे आठ मुद्दे’ हे गणित कुठे चुकतं

परीक्षेतल्या प्रश्नाच्या आदर्श उत्तराचा, म्हणजे कशाला किती गुण द्यायचे त्याचा आराखडा कसा करायचा, यावर असा सल्ला ऐकायला मिळतो: “प्रश्नाचा फोटो मिळाला की झालं. गुण किती ते बघा आणि तितके मुद्दे लिहून काढा. एका मुद्द्याला एक गुण, प्रत्येक मुद्दा दोन-तीन ओळींचा. आदर्श उत्तराचा आराखडा म्हणजे एवढंच, त्यात जास्त डोकं लावायची गरज नाही.”

आधी फोटोचं बघू, कारण बरेच आराखडे लिहायला घेण्याआधीच तिथे बिघडलेले असतात. गुण छापलेले असतात पानाच्या उजव्या कडेला, आणि घाईत फोटो काढला की नेमकी तीच कड कापली जाते. उदाहरणासाठी हा प्रश्न घ्या:

“प्रकाशसंश्लेषणाच्या वेगावर परिणाम करणारे कोणतेही तीन घटक लिहा व प्रकाशाच्या तीव्रतेचा परिणाम आलेखाच्या साहाय्याने स्पष्ट करा.”

फोटोत याच्या पुढे फक्त “(३” दिसतंय. ते बघून तीन गुणांचा आराखडा करणारे भेटतात. पण कंस उघडलाय आणि बंद झालेला नाही, म्हणजे पुढचं काहीतरी कापलं गेलंय. शिवाय प्रश्नात कामं दोन आहेत. तीन घटक लिहिण्यातच तीन गुण संपले, तर आलेख आणि स्पष्टीकरणाला उरलं काय? मूळ कागदावर “(३+५)” असतं. कड दिसतच नसेल तर त्या विभागाचे एकूण गुण बघायचे, त्यातून बाकीच्या उपप्रश्नांचे गुण वजा करायचे आणि उरलेला आकडा पडताळायचा. तेही शक्य नसेल तर आराखड्याच्या डोक्यावर “गुण गृहीत धरले आहेत” असं स्पष्ट लिहायचं. कागदाच्या घडीच्या सावलीत “वगळता” किंवा “कोणतेही” असा एखादा शब्द गेला असेल तर अंदाजाने भरू नये, फोटो परत मागवावा. “प्रकाश वगळता तीन घटक” आणि “प्रकाश धरून तीन घटक” यांची आदर्श उत्तरं वेगळी होतात.

आता मुद्द्यांच्या हिशेबाकडे येऊ. आठ गुण म्हणून आठ मुद्दे काढणारा विद्यार्थी काय लिहितो? प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या, समीकरण, ग्लुकोजची निर्मिती, हरितलवक, पर्णरंध्रं, ऑक्सिजनची निर्मिती, आणि मग प्रकाश व पाणी. आठही मुद्दे बरोबर आहेत, आणि तरी हातात पडतात दोनच गुण. कारण पहिल्या सहांपैकी एकही गोष्ट प्रश्नाने विचारलेली नव्हती. गुण मुद्द्यांच्या संख्येवर ठरत नाहीत. प्रश्नातलं क्रियापद काय करायला सांगतं आणि ते काम किती टप्प्यांत पूर्ण होतं, त्यावर ठरतात. “लिहा” म्हटलं की नाव पुरतं. “स्पष्ट करा” म्हटलं की काय घडतं आणि का घडतं, दोन्ही लागतं, आणि दोन्हींना वेगळे गुण ठेवावे लागतात.

याच प्रश्नाचा आराखडा मी असा करेन:

- घटक (३ गुण): प्रकाशाची तीव्रता, कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण, तापमान, पाणी, हरितद्रव्याचं प्रमाण. यांपैकी कोणतेही तीन, प्रत्येकी १.
- आलेख (२ गुण): आडव्या अक्षावर प्रकाशाची तीव्रता आणि उभ्या अक्षावर वेग, दोन्ही नावांसह, १. आधी चढणारी आणि मग सपाट होणारी रेषा, १.
- स्पष्टीकरण (३ गुण): तीव्रता कमी असताना ती वाढेल तसा वेग वाढतो, कारण तिथे प्रकाशच कमी पडत असतो, १. एका मर्यादेनंतर प्रकाश वाढवूनही वेग वाढत नाही, १. कारण आता कार्बन डायऑक्साइड किंवा तापमान यांसारखा दुसरा घटक अपुरा पडतो, १.

शेवटचा गुण हा या प्रश्नाचा खरा गाभा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी १९०५ साली मांडलेला मर्यादा घालणाऱ्या घटकांचा नियम इथे तपासला जातो. नियमाचं नाव नाही आलं तरी चालेल, पण हे कारण आलं पाहिजे. आठ मुद्द्यांच्या यादीत ही ओळ सहसा नसतेच.

इतकं करूनही आराखडा अर्धाच राहतो. समोर येणारी उत्तरं आपल्या साच्यातून निघालेली नसतात. एखाद्या मुलीने रेषा शून्याच्या खालून सुरू केली. चूक म्हणून काट मारायची का? तिने उभ्या अक्षावर “बाहेर पडणारा निव्वळ ऑक्सिजन” लिहिलं असेल तर तिचा आलेख बरोबर आहे. अंधारात श्वसन चालूच असतं, वनस्पती ऑक्सिजन घेत असते, म्हणून निव्वळ आकडा ऋण येतो. हे आराखड्यात आधीच लिहून ठेवलं नाही, तर जास्त समजलेल्या मुलीचा गुण जाईल. फार तीव्र प्रकाशात रेषा थोडी खाली उतरलेली दाखवली, तर तेही ग्राह्य धरावं.

दुसऱ्याने अक्षांची अदलाबदल केली, पण रेषा त्या अक्षांना धरून काढली. त्याचा अक्षांचा एक गुण गेला. रेषेचा जाऊ नये, नाहीतर एकाच चुकीची शिक्षा दोनदा होते. तिसऱ्याने रेषा सरळ वर नेली, पण खाली शब्दांत “नंतर वेग स्थिर होतो” असं लिहिलं. त्याचा आकाराचा गुण गेला, वाक्याचा मिळतो. आणि “प्रकाश वाढला की वेग वाढतो” हेच वाक्य घटकांत एकदा आणि स्पष्टीकरणात तीन वेळा आलं, तर स्पष्टीकरणाचा गुण एकदाच.

“कोणतेही तीन” यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. पाच घटक लिहिले, त्यातला पहिला चुकीचा. पहिले तीनच तपासायचे की पाचांतले बरोबर तीन धरायचे? दोन्ही पद्धती वापरात आहेत आणि परीक्षा घेणाऱ्यांचा त्याबाबत नियम असेल तर तोच पाळावा. नियम नसेल तर आराखड्यात एक ओळ हवीच. नाहीतर एकाच उत्तराला एक तपासनीस दोन गुण देईल आणि दुसरा तीन.

दोन-तीन ओळींच्या मोजमापाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वरच्या आराखड्यात घटकाला एक शब्द पुरतो, तर शेवटच्या कारणाला एक पूर्ण वाक्य लागतं. दोन्हींचा गुण एकच.

आराखडा पक्का झाला का, हे बघायची एक चाचणी आहे. एक नीटनेटकं पण उथळ आणि एक गबाळं पण कारण सांगणारं, अशी दोन उत्तरं घ्या आणि हा प्रश्न न शिकवणाऱ्या सहकाऱ्याला फक्त आराखडा देऊन तपासायला सांगा. त्याचे गुण तुमच्यापेक्षा एकाहून जास्त फरकाने वेगळे आले, तर ओळीओळीने जुळवून बघा. जिथे फाटा फुटतो तिथे बहुतेक वेळा एका गुणात दोन गोष्टी कोंबलेल्या सापडतात. त्या वेगळ्या करा आणि बेरीज पुन्हा आठ येते का ते बघा.