सारख्या आकड्यांच्या गोंधळाबद्दल आमचं उत्तर

अभिप्राय (५ पैकी २ तारे): “सर्च ट्रीचा सोर्स कोड विकत घेतला. माहितीपत्रात लिहिलंय, ‘सारखा आकडा नेहमी उजवीकडे’. तीनदा २० टाकले, मोजले तर दोनच! मग काउंटवाला प्रकार घेतला, तर ५० काढल्यावर ७० वाढले. काढल्यावर वाढणारं ट्री पहिल्यांदाच पाहिलं.”

नमस्कार. दोन्ही चुका आमच्या आहेत, तुमच्या वापरात काही चुकलेलं नाही. मात्र दोन्हींची मुळं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो. (मराठीत ‘की’ हा शब्द दर वाक्यात पायात येतो, म्हणून खाली सरळ ‘आकडा’च म्हणतो.)

उजवीकडचा नियम साध्या, स्वतःचा तोल न सांभाळणाऱ्या ट्रीमध्ये टिकतो. तुमच्याकडचं ट्री एव्हीएल आहे, ते तोल गेला की रोटेशन करतं, आणि रोटेशनला हा नियम ठाऊक नसतो. तुमच्या तीन २० ना क, ख, ग म्हणू. क रूटला बसला. ख त्याच्या उजवीकडे, ग खच्या उजवीकडे. आता कची उजवी बाजू डाव्यापेक्षा दोन पातळ्यांनी खोल झाली, म्हणून डावं रोटेशन झालं: ख रूटला आला, ग उजवीकडे राहिला आणि क खच्या डावीकडे गेला. आमचं मोजणीचं फंक्शन २० सापडल्यावर फक्त उजवीकडे जायचं. त्याला ख आणि ग दिसले, क दिसलाच नाही. रेड-ब्लॅक ट्री असतं तरी याच तीन आकड्यांवर हाच आकार झाला असता.

ही चूक आमच्या चाचण्यांतून निसटली त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. त्या चाचण्या इनऑर्डर क्रम छापून बघत होत्या, आणि तो २०, २०, २० असा अगदी बरोबर येतो. ‘२० आहे का?’ या प्रश्नाचं उत्तरही बरोबर येतं. नवा २० टाकताना उजवीकडे जाण्यातही काही बिघडत नाही, तो आधीच्या सगळ्या २० च्या नंतरच बसतो. बिघडतं ते फक्त ‘सारखे सगळे उजवीकडेच असतील’ असं धरून चालणाऱ्या कोडचं, म्हणजे मोजणी, पहिला सापडवणं आणि अमुक ते तमुक अशी यादी काढणं.

रोटेशननंतर खरोखर टिकणारा नियम एवढाच: डावीकडचे आकडे नोडइतके किंवा लहान, उजवीकडचे नोडइतके किंवा मोठे. त्यामुळे शोध असा हवा, की सारखा आकडा सापडला तरी थांबायचं नाही. तो लक्षात ठेवून आणखी डावीकडे बघायचं.

```
first = None
while node:
    if node.key < k:
        node = node.right
    else:
        if node.key == k:
            first = node
        node = node.left
```

हाती आलेला `first` हा इनऑर्डर क्रमातला पहिला सारखा नोड. तिथून पुढचा, त्याच्या पुढचा असं आकडा बदलेपर्यंत चालत मोजायचं. तुमच्या ट्रीत हा शोध खवर थांबत नाही, डावीकडे जाऊन क आणतो, आणि मोजणी तीन येते.

मग बिनतोलाच्या ट्रीत नियम बिनघोर वापरावा का? तिथे दोन अडचणी. एकच आकडा हजारदा टाकला तर उजवीकडे हजार नोडची सरळ साखळी होते आणि नुसत्या टाकण्यात ४,९९,५०० तुलना होतात. दुसरी अडचण काढताना येते. दोन मुलं असलेल्या नोडच्या जागी उजव्या बाजूचा सर्वांत लहान आकडा आणायचा. डाव्या बाजूचा सर्वांत मोठा आणला आणि तो तिथे दोनदा असला, तर एक वर जातो, त्याचा जुळा डावीकडे राहतो आणि नियम मोडतो.

आता काउंटचं. या प्रकारात सारख्या आकड्यांना मिळून एकच नोड असतो, आणि आकडा किती वेळा आला ते त्याच्या काउंटमध्ये असतं. इथे दोष माहितीपत्रात नव्हता, थेट कोडमध्ये होता. तुमचा प्रसंग आम्ही असा मांडला: रूट ५० काउंट १, डावीकडे ३० काउंट १, उजवीकडे ७० काउंट ३. ट्रीत एकूण पाच आकडे. ५० चा काउंट संपतो, नोडला दोन मुलं आहेत, म्हणून ७० आणि त्याचा काउंट ३ वर नकलला जातो. इथपर्यंत ठीक. मग उजव्या बाजूतून जुना ७० काढायला आम्ही तेच `delete` बोलावत होतो. पण काउंट एकपेक्षा जास्त असेल तर ते फंक्शन नोड काढत नाही, काउंट एकने कमी करतं. त्याचं नेहमीचं कामच ते आहे. परिणामी वर ७० चे तीन, खाली ७० चे दोन आणि ३० चा एक. पाचातून एक काढला आणि सहा उरले.

इलाज एका ओळीचा आहे: नक्कल करून झाल्यावर, जुना नोड काढायला सांगण्याआधी, त्याचा काउंट १ करायचा.

```
s = leftmost(node.right)
node.key, node.count = s.key, s.count
s.count = 1
node.right = delete(node.right, s.key)
```

तुम्ही क्रमांक काढण्यासाठी `size` फील्डही वापरत असाल तर आणखी एक पाहा. खाली उतरताना वाटेतल्या प्रत्येक नोडच्या `size` मधून १ वजा करणारी पद्धत इथे फसते, कारण वरच्या उदाहरणात उजवी बाजू तीनने कमी होते. परत वर येताना प्रत्येक नोडवर `size = size(left) + size(right) + count` असं नव्याने मांडा. तिथे `count` ऐवजी सवयीने १ लिहिला गेला, तर ट्री दिसायला बरोबर आणि क्रमांक चुकीचे, असा छुपा घोटाळा होतो.

सुधारलेला कोड सगळ्या खरेदीदारांना विनामूल्य मिळेल; माहितीपत्रातलं ते वाक्य काढून टाकलं आहे. चाचण्यांत आता दर काढण्यानंतर सगळ्या काउंटची बेरीज घेतो. ती बरोबर एकने घटली पाहिजे. ही तपासणी आधी असती तर तुमच्या ५० वर ती लगेच ओरडली असती.

कोणता प्रकार घ्यावा हे तुमच्या नोंदी बघून ठरवा. नुसते आकडे असतील, एक ७० दुसऱ्या ७० पासून ओळखायची गरज नसेल, तर काउंटच घ्या: नोड कमी, उंची कमी, मोजणी एका नोडवर. पण प्रत्येक ७० सोबत वेगळी माहिती असेल तर काउंट ती गिळून टाकतो. ‘तीन आहेत’ एवढंच उरतं, कोणते तीन ते जातं. तिथे आकडा आणि टाकण्याचा अनुक्रमांक अशी जोडी तुलनेला द्या: आधी आकडा, तो सारखा असला तर अनुक्रमांक. मग ट्रीत दोन सारख्या जोड्या उरतच नाहीत. रोटेशन कितीही होवोत, नेमकी हवी ती नोंद काढता येते, आणि सगळे ७० हवे असतील तर (७०, ०) पासून (७१, ०) च्या आधीपर्यंत चालायचं. आकडे पूर्णांक नसतील तर शेवट ७१ ने ठरवू नका, आकडा बदलला की थांबा.