केबल नीडल नसली तरी वेणी पडते

विणकामात वेणीचे टाके क्षणभर बाजूला धरायला केबल नीडल नावाची छोटी सुई असते, आणि तिच्याबद्दल सांगतात: "केबल नीडलशिवाय वेणी घालूच नका. मोकळे सोडलेले टाके उसवत खाली जातात, उरलेले पिळतात, आणि मोठ्या वेणीला तर हातानं जमतच नाही."

पहिलं उसवण्याचं बघा. टाका सुईवरून निघाला म्हणून लगेच खाली धावत नाही, ताण बसला की धावतो. भाचीच्या टोपीला मी दहा नंबरच्या सुयांवर साध्या लोकरीची चार टाक्यांची वेणी घालतेय, दर सहाव्या ओळीत पलटी, आणि त्यात फक्त दोन टाके क्षणभर मोकळे असतात.

डावीकडं झुकणारी वेणी अशी: धागा मागं, उजवी सुई मागच्या बाजूनं तिसऱ्या-चौथ्या टाक्यात उलट टाक्यासारखी घाला, मग त्या चार टाक्यांच्या बुडाशी डाव्या अंगठ्यानं आणि बोटानं चिमटीत धरा आणि डावी सुई चारीतून काढा. पहिले दोन समोर मोकळे उभे राहतात, ते डाव्या सुईवर परत घ्या, मग उजवीवरचे दोन पण डावीवर, आणि चारी सुलट विणा. चिमूट सोडायची नाही आणि धागा ओढायचा नाही, एवढंच. तरी सुटलाच तर खाली शिडीसारखी आडवी काडी दिसते, क्रोशाच्या सुईनं ती काडी टाक्यातून वर ओढली की झालं, राजारामपुरीतल्या आमच्या काकूंना मी परवा तसंच करून दाखवलं.

पिळण्याचं मात्र खरंय, पण त्याचं कारण सुई नाही, टाका कसा उचलला ते आहे! टाक्याला दोन पाय असतात, डाव्या सुईवर उजवा पाय पुढं पाहिजे. त्यासाठी सुईचं टोक टाक्यात पुढून मागं जायला हवं. उजवीकडं झुकणाऱ्या वेणीत उजवी सुई पुढून घालतो आणि मोकळे टाके मागं राहतात, नीट दिसत नाहीत, मग बाया ते मागून पुढं उचलतात आणि डावा पाय पुढं येतो. काकूंच्या टोपीत नेमकं तेच झालं होतं, वेणीच्या एकाच दोरावर टाक्यांचे पाय बुडाशी फुली मारून बसलेले, बाकीचे मोकळे व्ही सारखे. म्हणून काम जरा स्वतःकडं कलतं करून बघा, आणि चुकून डावा पाय पुढं आलाच तर उसवू नका, तो टाका मागच्या पायातून विणा, सरळ होतो.

मोठ्या वेणीचं म्हणाल तर सहा टाक्यांची, तीनावर तीन, लोकरीत मी हातानंच करते, पण तीन टाके एकदम धरायला चिमूट घट्ट लागते आणि आधीची उलट ओळ सैल विणलेली पाहिजे. सुती किंवा रेशमी धागा असेल, किंवा आठ टाक्यांची वेणी असेल, तर मी पण हट्ट करत नाही, पहिले टाके एका मोठ्या सेफ्टी पिनेवर ठेवते.