चंदन ओळखा, फोटोवरून!

गणपती जवळ आले की शुद्धतेची तपासणी सुरू होते. परवा पुन्हा चंदनाच्या तेलाच्या एका बाटलीचा फोटो आला, खाली प्रश्न: ‘ओरिजिनल आहे ना?’ तेव्हा फोटोवरून चंदन ओळखण्याची शास्त्रशुद्ध पद्धत एकदा सांगूनच टाकतो.

आधी रंग बघा. पिवळा दिसला की शुद्ध! श्वेतचंदनाचं तेल जवळपास रंगहीन ते फिकट सोनेरी असतं, म्हणजे एरंडेलसुद्धा त्यात बेमालूम खपतं. पण ते मनावर घेऊ नका. बाटली गडद तपकिरी असेल तर काचेचा रंग बघून तेलाचा ठरवा.

मग लेबल. ‘१००% शुद्ध’ दिसलं की पुढे वाचू नका. पुढे बारीक अक्षरात ‘चंदन सुगंध’ निघालं तर उगाच मन खट्टू होईल. श्वेतचंदनाचं शास्त्रीय नाव Santalum album लिहिलंय का, बॅच नंबर आणि निव्वळ वजन आहे का, हे बघायचं कष्ट कशाला? आणि किंमत तर मुळीच बघू नका. या तेलाचा किलोचा भाव लाखाच्या वर. दहा मिलीत फक्त तेलाचेच हजाराच्या आसपास होतात, बाटली, वाहतूक, नफा वेगळा. तरी १४९ रुपयांत, वर एकावर एक फ्री! दुकानदार दानशूर आहे हो, स्वतःचं घर विकून तुमच्या देवघरात चंदन पोचवतोय!

कागदावर थेंब टाकून डाग राहिला की भेसळ म्हणणारे वेगळेच. चंदनाचं तेल जड, उडायला फार वेळ घेतं, म्हणून शुद्ध तेलाचाही डाग राहतो. सत्तर टक्के अल्कोहोलच्या पाच भागांत एक भाग तेल घातलं आणि गढूळ झालं, तर खोबरेलासारखी भेसळ कळते. पण अल्कोहोलात विरघळणारं भेसळीचं द्रावक त्यातूनही निसटतं. चंदनाच्या तेलाचा मुख्य घटक सॅन्टालॉल किती, ते प्रयोगशाळेतली गॅस क्रोमॅटोग्राफी चाचणी सांगते. फोन नाही.

अगरबत्ती: तपकिरी दिसली की चंदन. तपकिरी रंगाची पुडी बाजारात मिळतच नाही वाटतं.

कापूर. पारदर्शक खडे म्हणजे ‘भीमसेनी’, पांढरी वडी म्हणजे भेसळ, असं ठरवून टाका. खरा भीमसेनी बोर्निओ-सुमात्राकडच्या झाडाचा, त्याचं रसायनही वेगळं. बाजारात त्या नावाने मिळतो तो बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात केलेला साधाच कापूर. भुकटी दाबली की अपारदर्शक वडी, स्फटिक केले की खडा. आणि काजळी धरली म्हणून ‘केमिकल’ ओरडू नका, शुद्ध कापूरही काजळी धरतो. ताटलीत एक वडी पूर्ण जाळा. मागे मेण किंवा राख उरली तर भेसळ पकडली. उरलं नाही, तरी झाडाचा की कारखान्याचा, ते कळत नाहीच.

अहो, वास फोटोत येत नाही! स्वस्त हवंय, तर ‘सुगंधी तेल’ म्हणून घ्या, देव रागावणार नाही. शुद्ध हवंय तर विक्रेत्याकडे त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा, बाटलीवरचा बॅच नंबर अहवालावरच्याशी जुळवा, आणि तो देत नसेल तर पैसे खिशात ठेवा. पण आधी १४९ मोजायचे आणि मग आम्हाला फोटो पाठवायचा, हा कसला उद्योग?