लांब मुदत म्हणजे जास्त व्याज? दरांचा तक्ता वेगळे सांगतो

सध्या फिरत असलेला संदेश : «एफडीचा साधा नियम लक्षात ठेवा. मुदत जितकी लांब, तितके व्याज जास्त, कारण बँकेला आपला पैसा जास्त काळ वापरायला मिळतो. २०२३ साली स्टेट बँकेत पाच वर्षांसाठी ठेवलेल्या एक लाखाचे १ लाख ३८ हजार होणार, म्हणजे वर्षाला ७.६ टक्के पडले. वर्षभराची एफडी करणारे स्वतःचे नुकसान करून घेतात.»

पहिल्या विधानाला त्याच बँकेचा, त्याच वर्षीचा तक्ता उत्तर देतो. एप्रिल २०२३ मध्ये सर्वसाधारण ठेवीदाराला एक ते दोन वर्षांच्या मुदतीसाठी ६.८० टक्के आणि दोन ते तीन वर्षांसाठी ७ टक्के दर होता. तीन वर्षांपुढे दहा वर्षांपर्यंत मात्र तो ६.५० टक्क्यांवर उतरत होता. सर्वांत जास्त, म्हणजे ७.१० टक्के, ४०० दिवसांच्या ‘अमृत कलश’ ठेवीला होते.

संदेशात दिलेले कारण अर्धेच खरे आहे. बँकेला पैसा जास्त काळ हवा असतो का, हे तिने तो पुढे कोणत्या दराने दिला आहे यावर ठरते. मुदत ठेवींचे दर ऑक्टोबर १९९७ पासून बँका स्वतः ठरवतात आणि हे काम बँकेची मालमत्ता-दायित्व समिती करते. कोणत्या महिन्यांत किती ठेवी परत द्यायच्या आहेत, किती कर्जे वसूल होणार आहेत आणि मधली तूट कोणत्या मुदतीत पडते, हे ती पाहते. जिथे तूट, तिथे दर चढा ठेवते. त्याला रेपो दराच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्प मुदतीचे कर्ज देते त्या दराच्या, अंदाजाची जोड मिळते. मे २०२२ पर्यंत ४ टक्के असलेला रेपो फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर पोहोचला होता आणि आता तो फार वर जाणार नाही, पुढे उतरेल, असा अंदाज बँका बांधत होत्या. ऑक्टोबर २०१९ पासून नवी, बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य निकषाशी जोडावी लागतात आणि तो दर निदान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो. रेपो उतरला की कर्जावरचे व्याज काही महिन्यांतच घटते. ठेवीवर कबूल केलेले व्याज मात्र मुदत संपेपर्यंत तेवढेच द्यावे लागते. अशा वेळी पाच वर्षांसाठी ७ टक्क्यांचा शब्द देणे बँकेला परवडणारे नसते.

शिवाय पाच वर्षांची ठेव पाच वर्षे टिकेलच असे नाही. बहुतेक किरकोळ ठेवी मुदतीपूर्वी मोडता येतात. साधारणपणे ठेव जितका काळ राहिली त्या कालावधीचा दर लावून त्यातून दंड कापला जातो. त्यामुळे कागदावर लांब दिसणाऱ्या या पैशासाठी बँक वेगळा चढा भाव देत नाही. पायाभूत सुविधांच्या दीर्घ कर्जांसाठी तिला किमान सात वर्षांचे रोखे काढता येतात आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेकडे ठेवाव्या लागणाऱ्या रोख राखीव निधीचे बंधन नसते, जे ठेवींवर असते.

आता ७.६ टक्क्यांचे गणित. ६.५० टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने, एक लाखाचे पाच वर्षांत १,३८,०४२ रुपये होतात, एवढे बरोबर आहे. पण ३८,०४२ ला पाचने भागून आलेला आकडा वार्षिक दर नाही, कारण त्यात व्याजावरचे व्याज सरळ व्याज म्हणून मोजले आहे. याच रीतीने दहा वर्षांची ठेव आणखी आकर्षक दिसेल, दर तोच असूनही. चक्रवाढ धरून खरा वार्षिक परतावा ६.६६ टक्के येतो, तर ४०० दिवसांच्या ठेवीचा सुमारे ७.२९ टक्के. तुलना याच दोन आकड्यांची करावी.

राहिला ‘नुकसानी’चा मुद्दा. कर बाजूला ठेवून हिशेब करू. ४०० दिवसांनी एक लाखाचे सुमारे १,०८,०१८ रुपये होतात. उरलेल्या जवळपास तीन वर्षे अकरा महिन्यांसाठी ही रक्कम पुन्हा गुंतवताना ६.३ टक्क्यांच्या वर दर मिळाला, तर छोटी ठेव जिंकते. खाली मिळाला, तर पाच वर्षांची. मे २०२४ मध्ये त्याच बँकेचा तीन ते पाच वर्षांचा दर ६.७५ टक्के होता, म्हणजे शेवटी सुमारे १,४०,३०० रुपये हाती येतील, पाच वर्षांच्या ठेवीपेक्षा सव्वादोन हजारांनी जास्त.

हा निकाल प्रत्येक वेळी असाच लागेल असे नाही. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो उतरू लागला आणि जूनमध्ये ५.५० टक्क्यांवर आला. त्यानंतर ज्यांच्या छोट्या ठेवी परत आल्या, त्यांना नूतनीकरण कमी दराने करावे लागले. निवृत्तीनंतर महिन्याचा खर्च व्याजावर चालवणाऱ्याने थोडा कमी दर पत्करून तो पाच वर्षांसाठी बांधून घेणे म्हणूनच समंजसपणाचे ठरू शकते. पण तेव्हा तो दराच्या खात्रीची किंमत मोजत असतो, आणि ती किंमत वरच्यासारखा हिशेब करून आधीच काढता येते.